समोसा तेल कधी पितो?

हलवायाकडून दुपारी आणलेला समोसा संध्याकाळी पार गार झाला तरी त्याची पारी दाताखाली खुसकन तुटते. घरचा समोसा मात्र कढईतून काढल्यावर पाच-दहा मिनिटं झकास असतो आणि चहा होईपर्यंत सादळतो. असं का, हे विचारलं की उत्तरं तयार असतात. ते लोक सोडा घालतात, डालडा घालतात, पीठ रात्रभर मुरवतात, त्यांचं तेल कडकडीत तापलेलं असतं. यातलं शेवटचं उत्तर तर वस्तुस्थितीच्या नेमकं उलट आहे. हलवायाचं तेल आपल्या तेलापेक्षा गार असतं.

इथे विषय आहे तो जाड पारीच्या, मोहन घातलेल्या, पंजाबी धाटणीच्या समोशाचा आणि त्याच्याच भाऊबंदांतल्या खस्ता कचोरीचा. मुंबईत रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर मिळणारा पट्टी समोसा वेगळा. त्याची पारी कागदासारखी पातळ, आधी तव्यावर शेकलेली असते, तिच्यात मोहन जवळपास नसतं आणि ती चांगल्या तापल्या तेलात झटपट तळतात. इतिहासात तीच जात जुनी असावी. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारी आलेल्या इब्न बतूतानं जो समोसा नोंदवून ठेवला आहे, तो पातळ पोळीत खिमा आणि सुकामेवा भरून तुपात तळलेला होता. बटाटा तेव्हा आपल्याकडे यायचाच होता. तेव्हा पट्टी समोशाला खालचे नियम लावू नका.

जाड पारीचा हिशेब आधी मांडून ठेवतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. बारा समोशांना २५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम तूप, पाऊण चमचा ओवा, सपाट चमचाभर मीठ आणि साधारण ८५ मिलिलिटर साधं पाणी. तूप वितळवून मोजलं तर साडेचार मोठे चमचे भरतं. म्हणजे मैद्याच्या वजनाच्या जवळपास चोवीस टक्के तूप आणि चौतीस टक्के पाणी. पोळीच्या कणकेत हेच पाणी साठ टक्क्यांच्या आसपास असतं. या एका फरकात बरंच काही आलं.

गैरसमज : मोहन कडकडीतच हवं

ही सवय दिवाळीच्या फराळातून आलेली. चकली असो की शंकरपाळी, पिठात खळगा करायचा आणि चुर्रर आवाज येईल असं तापलेलं तेल ओतायचं. आवाज आला की मोहन बरोबर, अशी समजूत. समोशाच्या पारीत मात्र खुसखुशीतपणा मोहनाच्या तापमानातून येत नाही. तो येतो मोहनाच्या प्रमाणातून आणि ते पिठाला किती नीट चोळलं आहे त्यातून.

मैद्यात जी प्रथिनं असतात, त्यांना पाणी मिळालं आणि वर मळणं झालं की त्यांचं लवचीक जाळं तयार होतं. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. पोळी ताणली जाते, पाव फुगतो, तो याच जाळ्यामुळे. समोशाच्या पारीत हे जाळं दाट झालं तर तळल्यावर पारी कडक होते, आणि गार झाल्यावर वातड. पिठाच्या कणांवर आधीच तुपाचा पातळ थर बसला असेल तर पाणी आतल्या प्रथिनांपर्यंत कमी पोचतं, जाळं तुटक राहतं आणि पारी दाताखाली सहज मोडते. मोहनाचं काम एवढंच. त्यासाठी तूप पसरण्याइतकं पातळ असलं की पुरे. बोट बुडवलं तर कोमट लागेल एवढं.

कडकडीत तुपाची खरी अडचण वेगळीच आहे. ते ओतल्यावर हात घालता येत नाही. मग चमच्यानं ढवळतात, काही पिठाच्या तुपाळ गुठळ्या होतात, काही पीठ कोरडंच राहतं आणि घाईत वर पाणी पडतं. चोळण्याची पायरीच गळते. मग तळताना एकाच समोशाची एक बाजू खुसखुशीत आणि दुसरी चिवट निघते, आणि दोष मैद्याला दिला जातो. कोमट तूप घालून दोन्ही तळव्यांत पीठ चार-पाच मिनिटं चोळा. पांढराशुभ्र मैदा किंचित पिवळसर आणि भरड दिसू लागतो, बोटांना रवाळ लागतो. गुठळी शोधूनही सापडता कामा नये.

मूठ वळून पाहायची पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. मूठ घट्ट दाबली तर पंधरा टक्के तुपातही लाडू वळतो. वळलेला गोळा अलगद हातावर झेलला तरी टिकला आणि बोटानं टोचल्यावर लगेच भुगा झाला, तर प्रमाण साधारण बरोबर. पहिल्या दोन-तीन वेळा मात्र काट्यावर तोलूनच घ्यावं, मग हाताला अंदाज येतो.

‘थोडं जास्त मोहन पडलं तर बिघडतंय कुठे’ हेही खरं नाही. मैद्याच्या तीस टक्क्यांच्या पुढे तूप गेलं की लाटताना कडा फाटतात, जोड धरत नाहीत आणि तळताना पारीचे कण सुटून तेल गढूळ होतं. कढईच्या तळाशी बारीक चुरा साचायला लागला की समजावं, मोहन जास्त झालं. तो घाणा वाचवता येत नाही. उरलेल्या पिठात मात्र थोडा कोरडा मैदा आणि चमचाभर पाणी घालून ते सावरता येतं.

आणि डालडा? त्यात जादू काही नाही. तो स्वस्त पडतो आणि लवकर थिजतो, म्हणून दुकानांत चालतो. तेलाच्या मोहनानंही समोसा होतो, पण पारी जरा कडक होते आणि चव सपाट लागते. लोणी मात्र तुपाच्या जागी तेवढ्याच वजनानं घालू नये. त्यात पाणी असतं, तुपात जवळपास नसतं, त्यामुळे पिठाचा सगळा हिशेब बिघडतो.

आणखी एक गल्लत आपल्याकडे हटकून होते. समोशाला साट्याच्या करंजीसारखे पदर सुटावेत, अशी अपेक्षा ठेवली जाते आणि त्यासाठी मोहन वाढवलं जातं. मोहनानं पदर सुटत नाहीत. पदर हवे असतील तर तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा पोळ्यांच्या मध्ये लावावा लागतो. तिथे तूप थराथरांत राहतं, मोहनात ते कणाकणांत असतं. समोशाची पारी एकजीव आणि ठिसूळ हवी. ज्यांना पदर आवडतात त्यांनी करंज्या कराव्यात, आणि मी तरी त्यांना नाही म्हणणार नाही.

गैरसमज : ओव्यानं पारी हलकी होते

ओव्याचा पारीच्या पोताशी काही संबंध नाही. ओवा आहे तो वासासाठी आणि चवीसाठी, आणि तेवढं काम तो फार चोख करतो. त्याचा तो झणझणीत वास मुख्यतः थायमॉल नावाच्या द्रव्याचा. हे द्रव्य तुपात चांगलं विरघळतं, पाण्यात फार थोडं. म्हणून ओवा तळहातावर चोळून, त्याचे दाणे जरा फुटल्यावर, मोहनाच्या वेळीच तुपाबरोबर पिठात जायला हवा. मळून झालेल्या गोळ्यावर भुरभुरलेला ओवा दाताखाली आला तर लागतो, नाही तर नाही.

तळताना पारीतून जी वाफ निघते ती ओव्याचा वास बरोबर घेऊन जाते. सगळं स्वयंपाकघर दरवळतं त्याचा अर्थ पारीतला वास कमी होतो आहे. हे लक्षात घेऊन काही जण ओवा दुप्पट घालतात आणि पारी कडवट होते. पाव किलो मैद्याला पाऊण चमचा पुरतो, ओवा ताजा आणि तीव्र असेल तर अर्धाच. आणि ‘ओवा आहे, पचून जाईल’ म्हणून चौथा समोसा उचलणाऱ्यांना एवढंच सांगायचं की एका समोशाच्या वाट्याला चिमूटभरही ओवा येत नाही, तूप मात्र पाच ग्रॅम येतं. तेही तळणीचं तेल सोडून.

गैरसमज : पीठ जितकं तिंबाल तितकं चांगलं

पोळी, पुरणपोळी आणि पाव यांच्याबाबत खरं, समोशाबाबत खोटं. मोहनानं जे जाळं तुटक ठेवलं, ते तिंबून तिंबून पुन्हा जोडायचं, असा हा उद्योग होतो. समोशाचं पीठ मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं असतं. आधी पाच मोठे चमचे पाणी सगळीकडे शिंपडून बोटांनी पीठ एकत्र आणावं. मग लागेल तसं चमचा चमचा पाणी. तळाशी कोरडं पीठ उरलं असेल तर पाणी तिथेच द्यावं, झालेल्या गोळ्यावर नाही. गोळा दिसायला ओबडधोबड, थोडा भेगाळलेला आणि दाबायला चांगला घट्ट असतो. पोळीची सवय झालेल्या हाताला तो बिघडलेलाच वाटतो, आणि इथेच मोह होतो आणखी पाणी घालायचा.

तो मोह आवरणं का महत्त्वाचं? पिठात घातलेलं प्रत्येक चमचाभर पाणी पुढे तळताना वाफ होऊन बाहेर काढायचं आहे. पाणी जास्त, तर तळण्याचा वेळ जास्त, नाही तर पारी आतून ओली. शिवाय सैल पिठाच्या पारीवर तळताना फोड येतात.

एक साधी खबरदारी उपयोगी पडते. मोहन चोळून झालेलं मूठभर पीठ पाणी घालण्याआधीच बाजूला काढून ठेवावं. पीठ चुकून सैल झालं तर हेच त्यात मिसळायचं. कोरडा मैदा मिसळला तर तुपाचं प्रमाण घसरतं, हे पीठ मिसळल्यानं ते ढळत नाही.

गैरसमज : मुरवल्यानं पारी खुसखुशीत होते, म्हणून रात्रभर मुरवा

पीठ झाकून ठेवायलाच हवं, पण त्याचं कारण लोक समजतात ते नाही. गोळा केल्याबरोबर पाणी सगळीकडे सारखं पोचलेलं नसतं. कुठे ओलसर, कुठे कोरडं असतं. अर्ध्या तासात पाणी आपोआप पसरतं. भेगाळलेला गोळा तेव्हा हात न लावताच बराच सुधारलेला दिसतो. जे थोडंफार ग्लुटेन तयार झालं असतं, तेही ताण सोडतं. म्हणून लाटताना पारी आक्रसून मागे येत नाही आणि सारखी जाडी मिळते. खुसखुशीतपणा मुरवण्यातून थेट येत नाही. सारख्या जाडीची पारी सारखी तळली जाते, एवढाच त्याचा हातभार, पण तो लहान नाही.

याला वीस मिनिटं ते अर्धा तास पुरतो. मुरल्यानं ग्लुटेन नाहीसं होत नाही, त्यामुळे पाच तास ठेवून पाचपट फायदा मिळत नाही. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलं तर तूप थिजून गोळा दगड होतो. मग तो मऊ करायला पुन्हा तिंबलं जातं आणि सगळी मेहनत वाया. ठेवायचाच झाला तर सकाळी बाहेर काढून तो आपोआप मऊ होईपर्यंत थांबावं.

झाकण मात्र हवंच. ओलसर, घट्ट पिळलेलं फडकं किंवा पालथं भांडं. उघड्या गोळ्यावर दहा मिनिटांत पापुद्रा धरतो, तो लाटताना मोडतो आणि त्या चिरेतून तळताना सारण बाहेर येतं. गोळ्याच्या सहा लाट्या करा, प्रत्येक साधारण ६५ ग्रॅमची. एक लाटताना बाकीच्या झाकलेल्या असू द्या. वीस सेंटिमीटर लांब आणि सोळा रुंद अशी लांबट पारी लाटली की जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास येते. मधोमध कापून दोन समोसे. पोळपाटावर कोरडं पीठ लावू नये, ते तेलात सुटून जळतं. मोहनच इतकं आहे की पारी चिकटत नाही.

भरून, मैद्याच्या पातळ खळीनं जोड चिकटवून झाल्यावर मात्र उलटं करायचं. आता झाकायचं नाही. समोसे पंधरा मिनिटं पंख्याखाली उघडे ठेवले की पारीचा वरचा ओलावा उडतो आणि फोड कमी येतात. सारण पूर्ण गार असायला हवं. गरम बटाटा आतून वाफ सोडून पारी ओली करत राहतो.

गैरसमज : मंद आचेवर तळलं की तेल पितात

हा सगळ्यांत मुरलेला गैरसमज, आणि घरच्या बहुतेक समोशांचा घात यानंच होतो. तो आला कुठून हे समजायला हवं, कारण तो अगदीच निराधार नाही. पुरी आणि भजी यांच्याबाबत तो खरा आहे. पुरीला जोरदार वाफ हवी म्हणून तेल तापलेलं लागतं. भज्याचं पीठ इतकं ओलं असतं की गार तेलात त्याला कवचच धरत नाही आणि ते तेलकट होतं. हा अनुभव शंभर टक्के खरा. तो तसाच उचलून समोशाला लावला, चूक तिथे झाली. समोशाच्या पारीत पाणी कमी आहे, तूप आधीच भरलं आहे आणि तिचा आकार हातानंच बांधलेला आहे. तिला चटकन कवच धरण्याची गरजच नाही.

आता तेलात काय होतं ते पाहू. पारीत पाणी आहे तोवर तिचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. बुडबुडे दिसतात ती हीच वाफ. वरचा थर कोरडा झाला की मगच तो तापतो आणि लाल होऊ लागतो. १८० अंशांच्या तेलात वरचा थर दोन-तीन मिनिटांत कोरडा होऊन तांबूस दिसतो आणि आपण समोसा काढतो. आतला दीड मिलिमीटर तेव्हा ओलाच असतो. बशीत ठेवल्यावर आतलं पाणी हळूहळू बाहेरच्या कोरड्या थरात येतं आणि समोसा सादळतो. पंधरा मिनिटांपूर्वीचा कुरकुरीतपणा खोटा नव्हता, फक्त अर्ध्या पारीचा होता. १३० अंशांच्या तेलात रंग यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात पारीच्या सगळ्या जाडीतून पाणी निघून जातं. हलवायाचा समोसा संध्याकाळपर्यंत टिकतो तो यामुळे.

मग तेल कधी शिरतं? बुडबुडे येत असतात तोवर वाफ बाहेर ढकलत असते, तेलाला आत जायला फार वाव नसतो. समोसा बाहेर काढला की आतली वाफ गार होऊन आक्रसते, बारीक छिद्रांत पोकळी होते आणि अंगाला लागलेलं तेल आत ओढलं जातं. बटाट्याच्या चकत्यांवर झालेल्या अभ्यासांत शोषलेल्या तेलाचा मोठा भाग असाच, कढईबाहेर आल्यावर शिरलेला आढळला आहे. म्हणजे सांभाळायचा क्षण तो. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत आच वाढवावी, गरम तेल पातळ असतं आणि पटकन निथळतं. झाऱ्यावर समोसा कढईवरच अर्धा मिनिट धरून हलवावा. मग जाळीवर, एकमेकांना न टेकता, उभे ठेवावेत. कागदावर ढीग केला तर खालचे समोसे वाफेनंच मऊ पडतात.

पण मंद आचेवर तळलेला समोसा कमी तेलाचा असतो, असा उलटा दावाही करू नये. पारीतून जेवढं पाणी जातं तेवढी जागा तेलाला होते. तो हाताला कमी तेलकट लागतो, खाताना टाळूला चिकटत नाही. पथ्याचा मात्र तो नाही.

प्रत्यक्ष तळणी अशी. पसरट कढईत लिटरभर तेल, एका वेळी सहा समोसे. तेल १३० अंशांवर आणावं. थर्मामीटर नसेल तर पिठाची वाटाण्याएवढी गोळी टाकून पाहावी. ती तळाशी बसली, क्षणभरानं तिच्याभोवती बारीक बुडबुडे आले आणि ती रंग न बदलता सावकाश वर आली, तर तेल तयार. टाकताक्षणी उसळून वर आली आणि लाल व्हायला लागली, तर तेल फार तापलं आहे. नुसतीच तळाशी बसून राहिली, बुडबुडा नाही, तर तेल फार गार आहे. आणि इथे जुनी भीती खरी ठरते. पाण्याची वाफच होत नसेल तर मोहन वितळून बाहेर येतं, जोड सुटतात आणि पारी तेलात भिजत पडते. मंद आच म्हणजे गार तेल नव्हे.

समोसे सोडल्यावर तेल दहा-पंधरा अंशांनी उतरतं, म्हणून लगेच आच थोडी वाढवून पुन्हा मंद करावी. पहिली चार-पाच मिनिटं झारा लावू नये, पारी अजून नाजूक असते. मग समोसे हलके होऊन वर येतात. तेव्हा एकदा उलटावेत. दहा मिनिटं झाली तरी ते पांढुरकेच दिसतात आणि इथे हात शिवशिवतो. गॅस मोठा करायचा नाही. बाराव्या-तेराव्या मिनिटाला बुडबुडे स्पष्ट कमी होतात, आवाज उतरतो. पाणी संपत आल्याची ही खूण, आणि ती रंगापेक्षा भरवशाची. झाऱ्यानं टिचकी मारली तर खडखड वाजतं. आता आच वाढवून तेल १६० अंशांच्या पुढे न्यावं. दोन-तीन मिनिटांत सोनेरी रंग येतो. एकूण पंधरा ते अठरा मिनिटं.

दुसरा घाणा बिघडतो तो इथेच. पहिल्याच्या शेवटी तेल तापवलेलं असतं आणि त्याच तेलात पुढचे समोसे पडतात. लगेच अंगभर फोड येतात आणि पाच मिनिटांत रंग चढतो. फोड हे खुसखुशीतपणाचं लक्षण समजणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात वरचा थर झटकन घट्ट झाला आणि खालची वाफ कोंडली, म्हणून तो फुगला. मंद तळलेल्या पारीचा पृष्ठभाग गुळगुळीत, किंचित दाणेदार असतो. दोन घाण्यांच्या मध्ये गॅस बंद करून सात-आठ मिनिटं थांबा, किंवा वाटीभर गार तेल घाला आणि पुन्हा पिठाची गोळी टाकून पाहा.

गैरसमज : कचोरी सोड्यानं फुगते

ती वाफेनं फुगते. शेगावच्या चपट्या, मुगाच्या डाळीच्या कचोरीपासून राजस्थानातल्या टम्म खस्ता कचोरीपर्यंत पारीची तत्त्वं हीच, फक्त पीठ वेगळं. पारीला ताणलं जायचं आहे, म्हणून पीठ समोशापेक्षा बरंच मऊ भिजवतात, मोहन वीस टक्क्यांच्या आत ठेवतात आणि थोडं मळतातही. भरलेली कचोरी लाटण्यानं जोरात लाटली तर मध्ये पातळ होऊन फुटते, म्हणून ती तळव्याच्या उशीनं कडेकडेनं दाबतात. तेल समोशापेक्षाही थोडं कमी तापलेलं, ११५-१२० अंशांचं. कचोरी तळाशी बसते आणि दोन-तीन मिनिटांनी आपण होऊन वर येते. मग झाऱ्यानं हलकेच तेल उडवलं की ती फुगते. कुठे छिद्र असेल तर वाफ निसटते, कचोरी चपटी राहते आणि त्या छिद्रातून तेल आत जातं. एरवी नीट फुगलेली कचोरी बशीत बसली, तर समजायचं की पारीच्या भिंती कोरड्या होण्याआधी ती काढली गेली. आणखी सात-आठ मिनिटं मंद आचेवर राहिली असती तर तिनं आकार धरला असता. सोड्यानं पारीला फार तर जास्त छिद्रं पडतात, ती लवकर लाल होते, आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. समोशात तर त्याचं काहीच काम नाही.

आता वेळेचा हिशेब. बारा समोसे म्हणजे दोन घाणे, मधली थांबण्याची वेळ धरून पाऊण तास नुसता तळणीचा. पाहुणे सहाला येणार असतील तर समोसे चारच्या सुमारास तळायला घ्या आणि बुडबुडे कमी होताच पांढुरकेच काढून जाळीवर ठेवा. पाहुणे आल्यावर १७० अंशांच्या तेलात दोन-तीन मिनिटं सोडा. दुकानांतही बऱ्याच ठिकाणी असंच करतात. उरलेले समोसे दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, बटाट्यातला ओलावा पारीत येतो. १६० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा, पारी पुन्हा कोरडी होते.